गायीचा जबाब, जसा झाला तसा

माह्या मेलेल्या गायीच्या भरपाईसाठी शनिवारी 16 नोव्हेंबर 2024 ले माझा जबाब झाला, वनरक्षकाच्या क्वार्टरच्या ओट्यावर. क्षेत्र सहायक साहेब खुर्चीवर, मांडीवर पॅड, मी समोर सतरंजीवर, आणि बाजूले वनरक्षक उभा. गावातले चारपाच जण फाटकाजवळ येऊन उभे होतेच. साहेबानं पहिलेच सांगितलं का "मी जे विचारतो तेवढंच सांगा, पाहिलेलं सांगा, माहीत नसलं तर माहीत नाही म्हणा, मी तसंच लिहितो." आता माह्यासारख्या माणसाले हे लय कठीण, मी एक गोष्ट सांगायले बसलो का तीन सांगतो. तरी जमलं बऱ्यापैकी. आठवते तसं, विचारलं त्याच क्रमानं खाली टाइप केलं आहे.

साहेब : पूर्ण नाव, वय, धंदा?

मी : शरद वामन ठाकरे, वय 44, शेती. धान लावतो, तीन एकर.

साहेब : राहायला इथेच?

मी : होय जी, जन्मापासून इथंच. तालुका ब्रह्मपुरी.

साहेब : कोणतं जनावर मेलं?

मी : गाय. क्रॉस जातीची, लाल, कपाळावर पांढरा टिक्का. दुसऱ्या वेताची.

साहेब : कानात बिल्ला होता?

मी : होता जी, पिवळा. नंबर पाठ नाही, मोबाईलमधे फोटो आहे.

(फोटो काढून 12 आकडे वाचून दाखवले. तिसऱ्यांदा बरोबर वाचले, पहिल्या दोनदा 6 आणि 8 मधे गडबड होत होती. वनरक्षकानं पंचनाम्यातल्या नंबराशी जुळवून पाहिलं, जुळला.)

साहेब : गाय शेवटची जिवंत कधी पाहिली?

मी : गुरुवारी 14 तारखेले, सकाळी आठ वाजता. गायकी घेऊन गेला तेव्हा मीच दावं सोडलं.

साहेब : कुठे चारायला नेली?

मी : ते मले माहीत नाही जी. गायकी नेते, गावातली सगळीच ढोरं एकत्र जातात.

साहेब : तुम्हाला अंदाज तर असेल.

मी : अंदाज आहे. पण मी तिथं नव्हतो. मी धान कापत होतो.

साहेब : बरं. गायकीचा जबाब वेगळा घेतो. गाय आली नाही हे कधी कळलं?

मी : सांजेले साडेपाचच्या सुमारास. बाकीची ढोरं आली, ही नाही आली. वासरू ओरडत होतं.

साहेब : मग काय केलं?

मी : गायकीले विचारलं, तो म्हणे नाल्यापर्यंत होती. मग मी आणि माझा भाचा टॉर्च घेऊन निघालो. पौर्णिमेच्या आदल्या रात्रीचं चांदणं होतं, पण नाल्यापलीकडं नाही गेलो, भीती वाटली. आवाज देऊन परत आलो.

साहेब : भीती का वाटली?

मी : मागच्या आठवड्यात मुनादी झालती ना.

(इथं मी गप बसायले पाहिजे होतं असं फाटकाजवळच्यांचं म्हणणं. कारण पुढचा प्रश्न त्यातूनच निघाला. पण विचारलं तर सांगावं लागनच, मुनादी तर अख्ख्या गावानं ऐकली, मी एकटा कसा बहिरा होऊ.)

साहेब : मुनादी काय होती?

मी : नाल्याकडच्या बाजूले वाघीण फिरते, ढोरं तिकडं नेऊ नका, सांजेनंतर एकट्यानं जाऊ नका.

साहेब : म्हणजे तुम्ही ऐकली होती.

मी : होय जी. ऐकली होती.

साहेब : मग गायकीला सांगितलं का, तिकडे नेऊ नको म्हणून?

मी : नाही.

साहेब : का नाही सांगितलं?

मी : माह्या डोक्यातच नाही आलं जी. कापणीचे दिवस, मजूर मिळत नाही, मीच दिवसभर कापणीत राहत होतो. ते त्यालेही माहीत आहे असं मी धरून चाललो.

साहेब : "धरून चाललो" लिहू?

मी : लिहा.

साहेब : गाय सापडली कधी आणि कोणाला?

मी : शुक्रवारी 15 ले, सकाळी सातच्या सुमारास. मले आणि भाच्याले. कावळे बसले होते म्हणून तिकडं गेलो.

साहेब : कोणत्या अवस्थेत होती?

मी : मेलेली. नाल्याच्या काठावर पळसाच्या झाडाखाली, डाव्या अंगावर पडलेली. गळ्यावर खालून दात रुतल्याची भोकं, चार दिसली मले. मागून खाल्लेली होती, मांडीकडून. पोट फाटलेलं नव्हतं. घंटी गळ्यातच होती. वाघ मागूनच खायले सुरुवात करते म्हणतात, बिबट पोटाकडून...

साहेब : म्हणतात ते नको. तुम्ही काय पाहिलं तेवढं.

मी : मागून खाल्लेली होती. बस.

साहेब : वाघ पाहिला?

मी : नाही.

साहेब : आवाज ऐकला?

मी : नाही जी.

साहेब : पायाचे ठसे?

मी : होते. नाल्यातल्या ओल्या मातीत, चार-पाच स्वच्छ. नखं उमटलेली नव्हती. मी बाजूले तळहात टेकवून पाहिला, माह्या तळहाताहून थोडा मोठा होता पंजा. ठशावर हात नाही ठेवला, बाजूले ठेवला.

साहेब : वाघाचा की बिबट्याचा?

मी : ते मी नाही सांगू शकत. फोटो काढला, काडीपेटी ठेवून.

(वनरक्षक हसला थोडा. काडीपेटी ठेवायची अक्कल भाच्याची, माही नाही, मापाचा अंदाज यावा म्हणून. त्यांनी पंचनाम्याच्या वेळी टेप लावून मोजलंच, ते आकडे त्यांच्याकडं आहेत.)

साहेब : वनखात्याला कधी कळवलं?

मी : नऊ वाजता. तिथं नेटवर्क नाही, तलावाच्या पाळीवर येऊन वनरक्षकाले फोन केला.

साहेब : मधल्या वेळात गाय हलवली? कोणी मांस नेलं, औषध टाकलं?

मी : काही नाही. भाचा थोडा दूर बसून राह्यला, कुत्रे येऊ नये म्हणून. औषध-गिवषध काही नाही.

साहेब : जनावरांचे डॉक्टर कधी आले?

मी : त्याच दिवशी दुपारी अडीचले. सुट्टी होती तरी आले.

साहेब : गाय पडली ती जागा, जंगलाच्या हद्दीच्या खुणेच्या दगडाच्या आत की बाहेर?

आता हा प्रश्न येणार हे मले माहीत होतं आणि आदल्या रात्री शेजारच्या काकाजीनं दोनदा येऊन सांगितलं होतं का "वावराच्या धुऱ्यावर होती म्हण, जंगलात म्हटलं का पैसे बुडतीन." काकाजीचं मन वाईट नाही, त्याचा बैल 3 वर्षांपहिले गेला तर त्याले कागदासाठी लय फिरवलं. पण डॉक्टर आले, पाच पंच आले, जागेचा मोबाईलवर जीपीएस फोटो निघाला, आणि मी धुरा म्हणू? आणि फोटो नसता निघाला तरी.

मी : आत. दगडापासून दहा-बारा पावलं आत.

साहेब : रक्त कुठून दिसलं?

मी : हे बरं विचारलं साहेब...

साहेब : फक्त कुठून ते.

मी : माह्या बांदीच्या धुऱ्यापासून. तिथं धान आडवं झालेलं, रक्त सांडलेलं, आणि तिथून फरफटत नेल्याची रेघ दगडाच्या आत नाल्यापर्यंत. मोजून नाही पाहिलं, अंदाजे दोनशे पावलं. धुऱ्यावरचा फोटो आहे.

साहेब : म्हणजे धरली वावरात आणि नेली आत?

मी : धरताना मी पाहिलं नाही. रक्त धुऱ्यावर पाहिलं, गाय आत पाहिली.

(साहेबानं पेन थांबवून माह्याकडं पाह्यलं आणि मग तेच शब्द लिहिले.)

साहेब : वावराला करंट लावता?

मी : झटका मशीन आहे, सोलरवाली, बॅटरीची. लाईनचा करंट कधीच नाही. मशीन त्या दिवशी बंद होती, कापणी चालू होती म्हणून. डुकराचं तर साहेब तुम्हाले काय सांगू, यंदा...

साहेब : डुकराचा अर्ज वेगळा करा.

मी : होय जी.

साहेब : गाय कितीला घेतली होती?

मी : 28 हजार, दोन वर्षांपहिले, गाभण होती तेव्हा. एका पाहुण्याकडून घेतली, पावती नाही.

साहेब : आज किंमत काय सांगता?

मी : 35 पर्यंत गेली असती. दूध देत होती, दोन्ही टाईम मिळून सहा लिटर.

साहेब : 50 नाही?

मी : नाही जी. 50 ची गाय माह्या घरी नव्हती.

(फाटकाजवळून कोणीतरी च्च केलं. साहेबानं सांगितलं का बाजारभाव डॉक्टरच ठरवते, भरपाई बाजारभावाच्या 75 टक्के किंवा 70 हजार, यातलं जे कमी ते. म्हणजे माह्या 50 म्हटल्यानं काही होत नव्हतं तसंही.)

साहेब : आणखी काही सांगायचं आहे?

इथं मले पुष्कळ सांगायचं होतं. नाल्यावरचं झुडूप साफ करा, रात्रीची लाईट द्या म्हणजे दिवसा ओलीत करता येईन असं उलटंच तोंडात आलं, कॅमेरा लावा, वाघिणीसोबत पिल्लं आहेत म्हणे. पण यातलं एकही मी पाहिलेलं नव्हतं किंवा या कागदाचं नव्हतं.

मी : नाही जी. या गायीबद्दल एवढंच.

मग साहेबानं सगळं वाचून दाखवलं. लिखाण त्यांच्या भाषेत, "सदर इसम" आणि "मौजा" आणि "नमूद ठिकाणी", पण समजत होतं. एका ठिकाणी असं होतं : "सदर गाय वाघाने हल्ला करून ठार केल्याचे मी पाहिले."

मी : साहेब, हे मी नाही म्हटलं.

साहेब : गाय वाघानेच मारली ना? डॉक्टरांचा रिपोर्टही तसाच येणार आहे.

मी : येऊ द्या, ते डॉक्टर म्हणतीन. मी मेलेली पाहिली.

वनरक्षक म्हणे आता राहू दे ना भाऊ, तुह्याच फायद्याचं आहे. खरं तर मीही दोन सेकंद विचारात पडलो, कारण खाडाखोड केली का फाईल अडते असं ऐकलं होतं. पण उद्या कोणी विचारलं का बाबा किती वाजता पाहिलं, वाघ कोणत्या बाजूनं आला, तर मी काय सांगू? आणि एक वाक्य असं निघालं का मग 28 हजार अन् दहा-बारा पावलं तरी कोण खरं मानते.

साहेबानं कुरकुर नाही केली. ते वाक्य एका रेघेनं कापलं, वर लिहिलं : "सदर गाय मृतावस्थेत मी पाहिली. हल्ला होताना पाहिला नाही. वाघ पाहिला नाही." कापलेल्या जागी बाजूले माझी छोटी सही घेतली आणि स्वतःची केली. मग खाली "जबाब वाचून दाखविला, माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे" आणि पूर्ण सही, तारीख, मोबाईल नंबर. सोबत आधारची झेरॉक्स, सातबारा आणि बँक पासबुकाचं पहिलं पान घेतलं. पासबुकावरचं नाव आणि आधारवरचं नाव अक्षर न अक्षर सारखं आहे का ते दोनदा पाहिलं.

फोटो व्हाट्सअपवर पाठवा म्हणाले, ठशाचा, धुऱ्यावरच्या रक्ताचा आणि बिल्ल्याचा, तिन्ही. ओट्यावर एक काडी नेटवर्क नव्हतं. मी तलावाच्या पाळीवर गेलो, दोन गेले आणि बिल्ल्याचा फिरत राह्यला, तिथंच बसलो पंधरा मिनिटं मोबाईल वर धरून, मग गेला.