पिशवीतून डब्यात गेलेली गोटी: सशर्त संभाव्यतेची उजळणी

रविवारच्या सराव चाचणीतला सातवा प्रश्न बऱ्याच जणांनी अर्ध्यावर सोडला. ज्यांनी पूर्ण केला, त्यांच्यातल्या काहींचं उत्तर 5/8 आलं, काहींचं 25/80. दोन्ही चूक, पण दोन्ही चुकांमागे काहीतरी विचार आहे. म्हणून तोच प्रश्न पुन्हा घेते.

प्रश्न: एका पिशवीत 5 लाल आणि 3 निळ्या गोट्या आहेत. एका डब्यात 4 लाल आणि 5 निळ्या गोट्या आहेत. पिशवीतून न बघता एक गोटी काढून डब्यात टाकली. डबा हलवून त्यातून एक गोटी काढली, ती लाल निघाली. तर पिशवीतून डब्यात गेलेली गोटी लाल असण्याची संभाव्यता किती?

आधी घटनांना नावं द्या. ही एक ओळ वाचवायला जाता आणि पुढे कुठली लाल म्हणजे कुठली, यात गोंधळता.

A: पिशवीतून डब्यात गेलेली गोटी लाल.
A′: पिशवीतून डब्यात गेलेली गोटी निळी.
B: डब्यातून काढलेली गोटी लाल.

हवंय P(A|B). उभ्या रेघेच्या उजवीकडे जे कळलंय ते, डावीकडे जे विचारलंय ते. प्रश्नातल्या ज्या वाक्यात 'निघाली', 'आढळले', 'असे दिसले' असं असेल, ते रेघेच्या उजवीकडे जातं. आपल्याला सहज मिळतं ते मात्र उलटं, म्हणजे P(B|A). सगळी मेहनत या उलट्याचं सुलट करण्याची आहे.

पहिला टप्पा सोपा. पिशवीत 8 गोट्या, म्हणून

P(A) = 5/8, P(A′) = 3/8

दुसऱ्या टप्प्यात जरा थांबा. डब्यात आता 9 नाहीत, 10 गोट्या आहेत. छेदात 9 लिहिणारे दरवर्षी भेटतात, आणि ते घाईत असतात एवढंच. लाल गोटी पडली असेल तर डब्यात 5 लाल, 5 निळ्या. निळी पडली असेल तर 4 लाल, 6 निळ्या.

P(B|A) = 5/10, P(B|A′) = 4/10

आता डब्यातून लाल गोटी निघण्याच्या दोन वाटा: लाल पडली आणि लाल निघाली, किंवा निळी पडली आणि लाल निघाली. एकाच वाटेवरच्या संभाव्यतांचा गुणाकार, वेगवेगळ्या वाटांची बेरीज.

P(A ∩ B) = 5/8 × 5/10 = 25/80
P(A′ ∩ B) = 3/8 × 4/10 = 12/80
P(B) = 25/80 + 12/80 = 37/80

इथे संक्षेप करू नका. 25/80 चं 5/16 केलंत की 12/80 शी बेरीज करताना पुन्हा 80 वरच यावं लागतं. शेवटी 80 आपोआप उडतो.

P(A|B) = P(A ∩ B) / P(B) = (25/80) / (37/80) = 25/37

हाच बेझचा सिद्धांत. सूत्र पाठ असेल तर उत्तम, पण वरच्या दोन वाटा कागदावर काढल्यात तर ते तिथेच लिहिलेलं दिसतं.

आता 25/80 वाल्यांबद्दल. 25/80 म्हणजे 'लाल पडली आणि लाल निघाली' या दोन्ही गोष्टी घडण्याची संभाव्यता, गोटी काढण्यापूर्वीची. पण आपल्याला कळलंय की लाल निघाली. ज्या वेळी निळी निघाली असती त्या शक्यता आता मोजायच्याच नाहीत. हे आकड्यांत बघा. हाच खेळ 80 वेळा खेळलो असं धरा. सरासरीने 50 वेळा पिशवीतून लाल जाईल, 30 वेळा निळी. त्या 50 पैकी निम्म्या, म्हणजे 25 वेळा डब्यातून लाल निघेल. त्या 30 पैकी 12 वेळा लाल निघेल. उरलेल्या 43 वेळा निळी निघाली, त्यांच्यावर काट मारा. आपण उभे आहोत ते 37 खेळांत, आणि त्यातल्या 25 मध्ये पिशवीतून लाल गेली होती. ज्याला सूत्राची भीती वाटते त्याने कच्च्या कामात असंच मोजावं.

5/8 वाल्यांचा प्रश्न जास्त खोल आहे. एकाने फळ्याजवळ येऊन विचारलं, "मॅडम, गोटी तर आधीच टाकून झाली. नंतर काय निघालं त्यावरून आधीची संभाव्यता कशी बदलेल?" शंका रास्त आहे. डब्यातली गोटी मागे जाऊन पिशवीत काही करत नाही. पण बाहेरून घरी आलेल्या बाबांची छत्री दाराशी ठिबकताना दिसली, की खिडकीकडे न बघताही आपण ओळखतो: पाऊस पडला. छत्रीमुळे पाऊस पडला नाही, छत्रीमुळे आपल्याला कळलं. संभाव्यता बदलली म्हणजे आपली माहिती बदलली, गोटीचा रंग होता तोच आहे.

आणि किती बदलली तेही पाहा. 5/8 म्हणजे 0.625, तर 25/37 म्हणजे साधारण 0.676. वाढ थोडीच. डब्यात आधीच 9 गोट्या होत्या, एका गोटीने डब्याचं चित्र फारसं पालटत नाही, म्हणून पुरावाही कच्चाच. पण उत्तर 5/8 पेक्षा कमी आलं असतं तर मी पेन खाली ठेवून पुन्हा तपासलं असतं, कारण लाल निघणं हे लाल पडल्याच्याच बाजूने बोलतं.

सीईटीत गणिताचे 50 प्रश्न 90 मिनिटांत करायचे असतात, तिथे P(B) तपासायची एक झटपट युक्ती. पिशवीतून सरासरी 5/8 लाल गोटी डब्यात गेली असं धरा. मग डब्यात 4 + 5/8 लाल, एकूण 10.

(4 + 5/8) / 10 = 37/80

जुळलं. बोर्डाच्या पेपरात मात्र पूर्ण पायऱ्याच लिहा.

परीक्षक जरा खट्याळ असेल तर एकाऐवजी दोन गोट्या टाकायला सांगेल. तेव्हा वाटा तीन होतात. दोन्ही लाल: 10/28, एक लाल एक निळी: 15/28, दोन्ही निळ्या: 3/28. डब्यात आता 11 गोट्या, आणि लाल अनुक्रमे 6, 5, 4. लाल निघण्याचे तीन गुणाकार 60/308, 75/308 आणि 12/308. बेरीज 147/308. लाल निघाल्यावर दोन्ही लाल गेल्या असण्याची संभाव्यता 60/147, म्हणजे 20/49. मधली वाट लिहिताना 5 × 3 = 15 हे पुरतं. 'लाल-निळी' आणि 'निळी-लाल' असं वेगळं मोजायचं असेल तर सगळीकडे क्रमाने मोजा आणि छेदात 28 ऐवजी 56 घ्या. अर्धं असं आणि अर्धं तसं केलं की उत्तर बिघडलंच.

मंगळवारी येताना हे करून आणा: मूळ प्रश्नात डब्यातून निळी निघाली, तर पिशवीतून निळी गेली असण्याची संभाव्यता काढा. उत्तर 18/43 यायला हवं. ते 3/8 पेक्षा मोठं का आहे, हे वहीत एका वाक्यात लिहा.