मोडीतल्या उभ्या रेघांबद्दलची तुमची पोस्ट

नमस्कार मंदार सर,

आपली ओळख नाही. मी अश्विनी, सीवूड्सला राहते आणि उरणच्या बाजूला एका कंटेनर फ्रेट स्टेशनमध्ये अकाउंट्स बघते. ठाण्यातल्या माझ्या एका जुन्या सहकाऱ्याने तुमची पोस्ट लाइक केली होती, म्हणून ती माझ्यापर्यंत आली. प्रोफाइलवर कोअर बँकिंग आणि पोस्ट मात्र खंडाच्या भाताच्या मोडी पावतीवर! लिंक्डइनवर असं काही वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत वाचली, मग घरी जाऊन पुन्हा एकदा निवांत वाचली.

त्यात तुम्ही एक गोष्ट फार नेमकी सांगितली आहे. तीच ती जोडरेघ अक्षरापुढे आली तर शब्द तोडून लिहिल्याची खूण, आणि आकड्यापुढे आली तर अर्धा. 'रा॥' म्हणजे राजश्री, पण '४॥' म्हणजे साडेचार. मोडी शिकवताना हे सांगतात, नाही असं नाही; पण तुम्ही पावतीचा तेवढाच कोपरा मोठा करून दोन्ही खुणा शेजारी शेजारी दाखवल्या, त्याने जे डोक्यात बसलं ते वर्गातल्या फळ्यावरून बसलं नव्हतं.

माझ्याकडे पणजोबांची एक वही आहे. ते उरणला एका मिठागरावर हिशेबनीस होते. वही १९३८ च्या सुमाराची, टाकाने लिहिलेली, शाई कडेकडेने पिवळी पडलेली. मी पुराभिलेख संचालनालयाच्या वर्गात मोडी शिकले, तिथे सरावाला पेशवेकालीन पत्रं होती. दरबारी कारकुनाचं वळण ते, देखणं आणि एकसारखं. घरच्या वहीत तसलं काही नाही. माणूस उन्हात उभा राहून, मीठ मोजलं जात असताना लिहितोय हे अक्षरावरून कळतं. वरची रेघ सुरुवातीला सरळ, पानाच्या खालपर्यंत पार कललेली.

तुमची पोस्ट वाचल्यावर वही काढली. एका पानावर दोन आवका आहेत, '६॥' आणि '३।', आणि खाली बेरीज '९॥।'. साडेसहा आणि सव्वातीन, पावणेदहा खंडी. वीस मणांची खंडी धरली तर नऊ खंडी पंधरा मण. पुढच्या रकान्यात मणांचा वेगळा आकडा आहे, तोही जुळला. दिवसभर वजनं आणि बिलं जुळवणाऱ्या माणसाला असा ताळा लागला की काय वाटतं ते बँकेतल्या माणसाला सांगायला नको. त्याच वहीत मजुरी रुपया-आण्यांत आहे आणि रेघा त्याच: चार आण्याला एक, आठला दोन, बाराला तीन.

या पाव-अर्धा-पाऊणच्या खुणा युनिकोडमध्ये २००९ साली आल्या आणि खुद्द मोडी आली २०१४ मध्ये. म्हणजे लिपीच्या आधी तिचा हिशेब जाऊन बसला. मला तरी यात गंमत वाटते, तुम्हाला कदाचित आधीपासून ठाऊक असेल.

तुमच्या पोस्टखाली कुणीतरी विचारलं होतं की आता याचा उपयोग काय. तुम्ही त्यांना दोन ओळींत शांतपणे उत्तर दिलंत, तेही आवडलं. जुन्या फेरफारांचे आणि जन्म-मृत्यूच्या नोंदींचे मोडी कागद तहसीलमध्ये किती पडून आहेत ते बघितलेला माणूस हा प्रश्न विचारत नाही. पण खरं सांगायचं तर मी त्या उपयोगासाठी शिकले नाही. पणजोबा काय लिहून गेले ते कुणाकडून वाचून घ्यावं लागू नये, एवढंच होतं. तुमच्या पोस्टमध्येही पावती आजोळची आहे असं दिसलं, म्हणून हे लिहावंसं वाटलं.

काही काम नाही, वही वाचून द्या असंही म्हणत नाही. ती मीच वाचणार आहे, हळूहळू. पोस्टचा उपयोग झाला हे तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून हा निरोप. मार्चअखेर जवळ आली आहे, तुमच्याकडेही धावपळ असेलच, तेव्हा उत्तराची अजिबात घाई नाही. पावतीच्या मागच्या बाजूचा फोटो पुढच्या वेळी टाकणार असं तुम्ही लिहिलं आहे, तो आला की नक्की बघेन.

अश्विनी
सीवूड्स, नवी मुंबई