थेंबोबाची फेरी
(पहिलीचा वर्ग, संगमेश्वर तालुका, जून. साहित्य: ओली पाटी, गरम पाण्याचं झाकलेलं पातेलं, स्टीलचं ताट, बर्फ, निळी ओढणी. पातेल्याला फक्त बाईच हात लावतील.)

बाई: ही ओली पाटी उन्हात ठेवली. आता इकडे या, पण चुन्याच्या रेघेमागे बसा हं. (झाकण काढून पातेल्यावर बर्फाचं ताट धरतात.) ताटाखाली काय दिसतंय?

मुलं: थेंब!

बाई: बर्फ तर वर आहे. मग खाली थेंब कुठून आले? (थांबा. घाई नको, मुलांना बोलू द्या. कुणी “ताट गळतंय” म्हणालं, तर ताट पुसून पुन्हा धरा.) गरम पाण्याची वाफ वर गेली, गार ताटाला लागली आणि तिचं पुन्हा पाणी झालं. आकाशातही वर गार असतं. तिथे वाफेचे इवलेसे थेंब होतात, त्यांचाच ढग. चला, उभे राहा!

ऊन पडलं, वाफ झाली, वर वर वर! (बोटं नाचवत हात वर)
गार लागलं, ढग झाला, धर धर धर! (शेजाऱ्याचा हात धरा)
थेंब पडले, नदी झाली, सर सर सर! (ओढणी हलवत पळा)
समुद्र म्हणे, “आलास बाळा? चल परत वर!” (खाली बसा, उडी मारा)

(तीनदा म्हणा, शेवटी कुजबुजत.)

बाई: आपली शास्त्री नदी जयगडला समुद्राला भेटते. मग पाणी तिथेच राहतं?

मुलं: नाही! वर वर वर!

बाई: आता पाटी आणा बघू. अरे, कोरडी! पाणी कुठे गेलं?