न लिहिलेल्या बातम्या : महिला पत्रकारांचा ऑनलाइन छळ, वार्तांकनावरचा परिणाम आणि वृत्तकक्षांचा प्रतिसाद

सारांश

महिला पत्रकारांच्या ऑनलाइन छळाची मोजदाद बहुधा आलेल्या शिव्या आणि धमक्यांवरून होते. छळामुळे कोणत्या बातम्या लिहिल्याच गेल्या नाहीत, हे मोजले जात नाही. प्रस्तुत लेख उपलब्ध आंतरराष्ट्रीय अभ्यास आणि लेखिकेचा डेस्कवरचा अनुभव यांच्या आधारे असे मांडतो, की हा छळ संपादकीय निर्णयांत थेट हस्तक्षेप करतो. म्हणून त्याला तोंड देणे ही एकट्या वार्ताहराची खासगी बाब न राहता वृत्तकक्षाची जबाबदारी ठरते.

प्रस्तावना

या विषयाकडे मी तटस्थपणे आलेले नाही, हे आधीच सांगायला हवे. अनेक वर्षे मी डेस्कवर काम केले. त्या काळात एका सहकारी वार्ताहराची एका नेत्याच्या मालमत्तेवरची बातमी तिच्या बायलाइनसह छापून आली. दुपारपर्यंत तिचा फोन टेबलावर पालथा पडला होता आणि सारखा थरथरत होता. आलेले संदेश आम्ही दोघींनी एकत्र वाचले. बातमीतला एकही आकडा चुकीचा असल्याचे कुणी म्हटले नव्हते. तिचे चारित्र्य, तिचे कपडे, तिचा घटस्फोट एवढाच विषय होता. एका संदेशात मात्र फक्त तिच्या मुलीच्या शाळेचे नाव होते, दुसरे काहीच नाही. तो वाचून ती खुर्चीतून उठली आणि थेट शाळेत गेली.

वरिष्ठांनी सल्ला दिला, "दोन दिवस फोन बंद ठेव, आपोआप शांत होईल." फोन बंद म्हणजे तिच्या सूत्रांचेही फोन बंद, हे कुणाच्या लक्षात आले नाही. पाठपुराव्याची दुसरी बातमी 'प्रतिनिधी' या नावाने गेली. तिसरी आलीच नाही. कागदपत्रे तिच्याकडे होती, बातमी खरी होती, कुणी ती अडवलीही नव्हती. ती तिसरी बातमी या लेखाचा विषय आहे.

छळाचे स्वरूप

युनेस्को आणि इंटरनॅशनल सेंटर फॉर जर्नलिस्ट्स यांनी २०२० मध्ये केलेल्या जागतिक सर्वेक्षणात १२५ देशांतील ९०१ जणांनी उत्तरे दिली. त्यांतील महिलांपैकी ७३ टक्क्यांनी कामाच्या संदर्भात ऑनलाइन हिंसा अनुभवल्याचे सांगितले. २५ टक्क्यांना शारीरिक हिंसेच्या, तर १८ टक्क्यांना लैंगिक हिंसेच्या धमक्या आल्या होत्या. २० टक्क्यांनी ऑनलाइन हिंसेशी निगडित हल्ला किंवा छळ प्रत्यक्ष जगातही सोसला होता. हा यादृच्छिक नमुना नव्हता. उत्तर देणाऱ्या स्वेच्छेने पुढे आल्या होत्या. त्यामुळे ही टक्केवारी जगातल्या सर्व महिला पत्रकारांना जशीच्या तशी लावता येणार नाही. तरीही 'सोशल मीडियावरचे काय मनावर घ्यायचे' या डेस्कवर नेहमी ऐकू येणाऱ्या वाक्याला त्या शेवटच्या आकड्यात पुरेसे उत्तर आहे.

हे पुरुष पत्रकारांच्याही वाट्याला येते. मात्र वाटणी सारखी नाही. 'द गार्डियन'ने २०१६ मध्ये आपल्या संकेतस्थळावरच्या ७ कोटी वाचक-प्रतिक्रियांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. सर्वाधिक शिवीगाळ झालेल्या १० लेखकांत ८ महिला होत्या आणि उरलेले दोघे कृष्णवर्णीय पुरुष. लिंगाला वंश, धर्म किंवा जातीची जोड मिळाली की मारा वाढतो.

छळ नेहमी उत्स्फूर्त नसतो. फिलिपिन्सच्या पत्रकार मारिया रेसा यांच्यावरच्या हल्ल्यांचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे ६० टक्के हल्ले त्यांच्या व्यावसायिक विश्वासार्हतेवर होते आणि सुमारे ४० टक्के व्यक्तिगत पातळीवरचे. माझ्या मते हे प्रमाण फार बोलके आहे. बाईला दुखावणे एवढाच हेतू असता, तर हल्ल्यांचा मोठा वाटा व्यक्तिगत असता. इथे रोख तिच्या शब्दावरचा वाचकांचा विश्वास उडवण्यावर आहे. भारतात पत्रकार राणा अय्यूब यांच्याबाबत २०१८ मध्ये हे दोन्ही रोख एकत्र आले. त्यांचा चेहरा चिकटवलेली बनावट अश्लील चित्रफीत पसरवली गेली, त्यांच्या नावाने खोटी विधाने फिरवली गेली. अखेर संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क तज्ज्ञांना त्यांच्या संरक्षणासाठी जाहीर निवेदन काढावे लागले.

वार्तांकनावरचा परिणाम

युनेस्कोच्या त्याच सर्वेक्षणात ३० टक्के महिलांनी समाजमाध्यमांवर स्वतःला आवर घातल्याचे आणि २० टक्क्यांनी ऑनलाइन संवादातून पूर्ण माघार घेतल्याचे सांगितले. ही माघार कामातूनच असते. सूत्रे तिथे भेटतात, वाचक तिथे चूक दाखवतात, पीडित माणूस तिथूनच पहिला निरोप धाडतो. अनोळखी व्यक्तींचे संदेश बंद केले की शिवीगाळ थांबते आणि तो निरोपही थांबतो.

याहून खोल परिणाम बीटच्या निवडीवर होतो. छळाशी सर्वाधिक जोडले गेलेले विषय म्हणजे लिंगभाव, राजकारण व निवडणुका आणि मानवी हक्क. याच विषयांवर महिला वार्ताहर हळूहळू कमी लिहू लागल्या, तर नुकसान वाचकांचे होते. आणि त्यांना ते कळतही नाही, कारण न छापलेल्या बातमीची जागा पानावर कोरी सोडलेली नसते.

हे मोजायचे कसे? केवळ मुलाखतींवर विसंबून चालणार नाही, कारण माघार घेतल्याचे कबूल करणे कुणालाही जड जाते. वृत्तकक्षात तीन नोंदी आयत्या मिळतात : रोजच्या बैठकीत सुचवलेल्या बातम्यांची यादी, बायलाइन आणि पाठपुरावा. मोठ्या हल्ल्याच्या आधीचे सहा महिने आणि नंतरचे सहा महिने यांची तुलना केली, तर त्या वार्ताहराने कोणते विषय सुचवणे सोडले, कोणत्या बातमीवरून नाव काढून घेतले आणि कोणता पाठपुरावा तुटला हे दिसू शकेल. नोंदी तिच्या संमतीनेच आणि नाव गुप्त ठेवून वापराव्यात. तिच्या कामगिरीचा हिशेब म्हणून त्यांचा वापर झाला, तर तो छळाचाच पुढचा टप्पा ठरेल.

वृत्तकक्षांचा प्रतिसाद

सर्वेक्षणातील केवळ २५ टक्के महिलांनी प्रकार आपल्या संस्थेला कळवला. कळवणाऱ्यांना मिळालेल्या उत्तरांत 'काहीच प्रतिसाद नाही' हे ठळक होते, 'कातडी जाड कर' असा सल्ला होता आणि 'तू असे काय केलेस?' हा प्रश्नही होता. संस्था वार्ताहरांना समाजमाध्यमांवर सक्रिय राहायला सांगतात, त्यांच्या नावावर वाचक मिळवतात आणि हल्ला झाला की ते तिचे वैयक्तिक खाते ठरते. ही भूमिका मला अन्यायाची वाटते.

बदलाची उदाहरणे आहेत. ब्रिटनमधील रीच या प्रकाशनसमूहाने २०२१ मध्ये ऑनलाइन सुरक्षेसाठी स्वतंत्र संपादक नेमला. प्रत्येक संस्थेला स्वतंत्र पद परवडेलच असे नाही, पण पहिल्या दिवशीची कामे ठरलेली असायला हवीत. वार्ताहराने स्वतः संदेश वाचत बसू नये. तिच्या संमतीने एका सहकाऱ्याने खाते हाताळावे. मजकूर पुसण्याआधी दुवा, तारीख, वेळ आणि खात्याचे नाव दिसेल असा स्क्रीनशॉट जपावा, नाहीतर पोलिसांकडे न्यायला हातात काही उरत नाही. संदेश चाळणाऱ्यालाही दर काही तासांनी बदली द्यावी, कारण ते वाचणे त्यालाही सोसत नाही. घरचा पत्ता किंवा मुलांची माहिती फिरत असेल, तर तिथे वाट पाहण्याला जागाच नाही : तक्रार, राहण्याची पर्यायी सोय आणि येण्याजाण्याची व्यवस्था त्याच दिवशी, संस्थेच्या खर्चाने. मुक्त पत्रकारांनाही हे लागू असावे. आज बहुतेक ठिकाणी त्यांना मानधन मिळते, संरक्षण मिळत नाही.

बायलाइन काढण्याचा निर्णय तिचाच असावा. आणि तिने थांबायचे ठरवले, तर बातमी थांबू नये. कागदपत्रे दुसऱ्या वार्ताहराकडे जावीत, पाठपुरावा ठरल्या दिवशी छापला जावा. एकीला गप्प केले तरी बातमी येतेच, हे हल्ला करणाऱ्यांना पानावर दिसले पाहिजे.