फेटलिंग आणि नॉकआऊटमधल्या सगळ्यांसाठी: धूळ आणि आवाज

हा कागद सोमवारी शिफ्ट चालू व्हायच्या आधी सुपरवायझर मोठ्याने वाचून दाखवतील. काही कळलं नाही तर तिथंच विचारा, परत सांगतील.

धूळ

आपल्या मोल्डच्या वाळूत सिलिका असते. कास्टिंग ठोकलं, घासलं की तिची पीठासारखी बारीक धूळ उडते. जी धूळ डोळ्यांना दिसते ती बरीचशी नाकात अडकते. खरी भीती न दिसणाऱ्या धुळीची, ती थेट फुप्फुसात जाऊन बसते आणि परत बाहेर येत नाही. याने सिलिकोसिस होतो. आधी जिना चढताना दम लागतो, मग कोरडा खोकला. हा आजार बरा होत नाही आणि त्यात टीबी पण लवकर धरतो. बिडी-सिगारेटने फुप्फुस आणखी खराब होतं.

तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही. स्टोअरमधून एन-९५ मास्क घ्या, फुकट आहे. दोन्ही पट्ट्या लावायच्या, एक डोक्यावर, एक मानेवर. नाकावरची पत्ती दोन्ही बोटांनी दाबा. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा आत येते, म्हणून दाढी करून या. मास्क धुवायचा नाही, घाण झाला की बदलून मागा, कोणी बोलणार नाही.

ग्राइंडर चालू करायच्या आधी धूळ ओढायचा पंखा चालू करा. पंखा बंद असेल तर काम थांबवून सांगा. कोरडा झाडू मारू नका, व्हॅक्यूम वापरा. पाणी शिंपडायचं असेल तर आधी सुपरवायझरला विचारा, कारण भट्टीजवळ किंवा ओतकामाजवळ पाणी पडलं तर गरम धातू उसळतो.

सुट्टी झाली की हवेच्या पाइपने कपडे झाडायची सवय आहे ना, ती आजपासून बंद. त्या हवेने सगळी धूळ स्वतःच्याच तोंडावर येते. कपडे इथंच बदला, हात-तोंड धुवून घरी जा, नाहीतर ती धूळ पोरांपर्यंत पोचते.

आवाज

हाताच्या अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल तर आवाज जास्त आहे. कायद्यात ८ तासांसाठी ९० डेसिबलची हद्द आहे. आपल्या फेटलिंगमध्ये १०० भरला, तेवढ्यात कानाला काही न लावता २ तासच चालतं.

कान दुखत नाहीत म्हणून वाटतं सगळं ठीक आहे. पण कानात शिट्टी वाजणं, घरचे म्हणतात टीव्हीचा आवाज कमी करा, ही सुरुवात असते. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

इअर प्लग असा लावा: हात धुवा, प्लग बोटांत पिळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर ओढा, आत घाला आणि फुगेपर्यंत धरून ठेवा. सैल बसला तर उपयोग नाही. आवाजात असताना "एकच मिनिट" म्हणून काढू नका, बोलायचं असेल तर बाहेर या.

तपासणी

छातीचा एक्स-रे, फुंकून बघायची फुप्फुसाची टेस्ट आणि कानाची टेस्ट कंपनी करते, पैसे लागत नाहीत. रिपोर्टची कॉपी मागून घ्या, तुमचा हक्क आहे. कॉन्ट्रॅक्टवरचे पण आले यात.

खोकला दोन आठवडे थांबला नाही, दम लागला किंवा कानात आवाज यायला लागला तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका, त्याच दिवशी फर्स्ट एड रूममध्ये या आणि डॉक्टरांना सांगा की मी फाउंड्रीत फेटलिंगला काम करतो.