कॉम्प्युटर लॅब : रोजची, शनिवारची आणि पावसाळ्याआधीची तपासणी
(खानापूर तालुक्यातील आपली मराठी शाळा, १२ मशिन. दुपारचे तास घेणाऱ्या मॅडमसाठी, लॅबच्या दाराच्या आत चिकटवायची प्रत)

मॅडम, तास ३५ मिनिटांचा आणि एका मशिनवर तीन मुलं. मशिन सुरू व्हायलाच आठ मिनिटं गेली, तर तिसऱ्या मुलाच्या हातात माऊस येईपर्यंत घंटा होते. म्हणून खालची प्रत्येक गोष्ट एकाच मापाने बघा : घंटेपासून सिम्युलेशन उघडून पडद्यावरचा बल्ब पेटेपर्यंत किती वेळ लागला? तीन मिनिटांच्या वर गेला, तर त्या मशिनला हात लावायची वेळ झाली.

रोज, प्रार्थनेच्या वेळी

☐ यूपीएस आधी, मग चार-चार मशिन. बाराही एकदम लावू नका, यूपीएस कुरकुरतो.
☐ लाईट जाऊन आली असेल तर पाच मिनिटं थांबा. आल्या आल्या ती परत जाते, आणि हार्ड डिस्क त्यातच मरतात.
☐ आजचं सिम्युलेशन प्रत्येक मशिनवर एकदा उघडून ठेवा. मुलांनी फक्त खुर्चीवर बसायचं.

सिम्युलेशन आणि खेळ

१ ते ८ वर विंडोज ७ आहे. त्याचे सुरक्षा अपडेट जानेवारी २०२० मध्ये थांबले, म्हणून या आठांना इंटरनेटची वायर लावायची नाही. क्रोमची १०९ ही तिथे चालणारी शेवटची आवृत्ती आणि ती पुरेशी आहे, कारण फेट या वेबसाइटवरची एचटीएमएल सिम्युलेशन एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात. सगळ्या फाईली `D:\Sims` मध्ये आहेत. नवीन फाईल ९ ते १२ पैकी एकावर उतरवा आणि पेनड्राइव्हने आणा. पेनड्राइव्ह लॅबचाच, बाहेरचा नको.

☐ एका वेळी एकच टॅब. २ जीबी रॅममध्ये दुसरा टॅब उघडला की माऊस अडकतो.
☐ `Circuit Construction Kit: DC` मध्ये मुलं बल्बमागून बल्ब जोडत सुटतात आणि पडदा संथ होतो. पाच बल्बची मर्यादा फळ्यावर लिहा. एकसर आणि समांतर जोडणी समजायला तीनही पुरतात.
☐ `Molecule Shapes` सारखी त्रिमितीय सिम्युलेशन फक्त ९ ते १२ वर. बाकीच्यांना ते ग्राफिक झेपत नाही.
☐ ९ ते १२ वर लिनक्स मिंट एक्सएफसीई आहे. पाचवीच्या मुलांसाठी खेळ तिथेच :

```
sudo apt install gcompris-qt tuxpaint tuxmath
free -h
```

दुसरी ओळ रॅम किती शिल्लक आहे ते दाखवते. `available` खालचा आकडा ३०० एमबीच्या आत आला की ब्राउझर बंद करून पुन्हा उघडा.

शनिवारी, शाळा सुटल्यावर

☐ विंडोजवर `cleanmgr` चालवा. `msconfig` मधल्या `Startup` यादीत नवं काही घुसलंय का बघा.
☐ महिन्यातून एकदा डीफ्रॅग, पण ३ आणि ६ वर कधीच नाही. त्यांत एसएसडी आहे, तिला त्याचा उपयोग नाही, उलट झीज होते. पुढच्या वेळी पैसे मिळाले तर नवं मशिन मागू नका, आणखी एसएसडी मागा. ३ नंबर आधी चार मिनिटांत सुरू व्हायचं, आता चाळीस सेकंदांत होतं. मशिन तेच आहे.
☐ तारीख बरोबर आहे का? ११ नंबर एका सोमवारी २००९ साल दाखवत होतं आणि एकही वेबसाइट उघडेना. मी अर्धा दिवस नेटची वायर तपासत बसलो. दोष होता मदरबोर्डवरच्या CR2032 सेलचा, रुपयाएवढ्या बटणाचा. दोन जादा सेल कपाटात आहेत.

पावसाळ्याआधी, मे अखेरीस

हे टाळू नका. आपल्याकडची तांबडी माती उन्हाळाभर खिडकीतून आत येते आणि जूनची ओल लागली की पंख्यावर थापली जाते. गेल्या वर्षी ७ नंबरचा डबा उघडला, तर प्रोसेसरच्या पंख्याखाली जाळीऐवजी विटकरी रंगाची वाकळ होती. दहा मिनिटांत मशिन आपोआप बंद का पडत होतं, ते तेव्हा कळलं.

☐ वायर काढा, डब्याच्या पत्र्याला हात लावा, मग आत हात घाला.
☐ ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, गरगर फिरू देऊ नका.
☐ रॅम काढून सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसा. सुरू होताना बीप वाजत असेल तर बहुतेक वेळा एवढ्यानेच भागतं.
☐ तरीही तापत असेल तर थर्मल पेस्ट नवी लावा, डाळीच्या दाण्याएवढी.
☐ जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची सुट्टी लांबली तरी आठवड्यातून एकदा येऊन सगळी मशिन तासभर चालवा. आतल्या उबेने ओल सुकते.

वही खडूच्या कपाटात वरच्या खणात आहे. मशिन नंबर, तारीख, काय बिघडलं, काय केलं, एवढे चारच रकाने. ४ नंबरचा पंखा आवाज करतोय, त्याच्यापासून सुरुवात करा.