डाग आत, भेग बाहेर: पावसाआधी घराची तपासणी

(व्हिडिओ संहिता. एकच निवेदिका, हातात मोबाइलचा टॉर्च.)

दृश्य १: झोपायच्या खोलीचा कोपरा. छताखाली पिवळसर डाग, रंगाचे पोपडे.

निवेदिका: या कोपऱ्याला मी सलग तीन उन्हाळे रंग दिला आणि तिन्ही पावसाळ्यांत तो पोपडे धरून खाली आला. चौथ्या वर्षी गच्चीवर जाऊन नीट पाहिलं. पाणी या कोपऱ्यातून शिरतच नव्हतं! डागापासून आठ-नऊ फुटांवर, कठडा आणि गच्ची जिथे मिळतात तिथे, केसाएवढी भेग होती. स्लॅबमध्ये शिरलेलं पाणी उताराने सरकत जातं आणि वाट मिळेल तिथे टपकतं, कित्येकदा अगदी पंख्याच्या हुकापाशी. म्हणून डाग दिसला की रंगाचा डबा आणू नका. आधी बाहेर बघा.

दृश्य २: भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टी लावलेला प्लास्टिकचा तुकडा.

निवेदिका: ओल भिंतीतून येतेय की खोलीतल्या दमट हवेची आहे, हे असं ओळखा. वीतभर प्लास्टिक भिंतीला घट्ट चिकटवा आणि दोन दिवस तसंच ठेवा. भिंतीकडच्या बाजूला थेंब आले तर पाणी भिंतीत आहे. खोलीकडच्या बाजूला आले तर हवा कोंडलीय. मग खिडक्या उघडा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा.

भर उन्हाळ्यातही ओल असेल तर पावसाला दोष देऊ नका, न्हाणीघराचे नळ आणि पाइप तपासा. आणि जमिनीलगत दोन-तीन फुटांपर्यंतच ओल चढून पांढरा लोणा आला असेल, तर पाणी घराच्या पायातून वर येतंय. गच्चीवर कितीही खर्च केलात तरी ती थांबणार नाही.

दृश्य ३: सरकत्या खिडकीची खालची पट्टी, अगदी जवळून.

निवेदिका: हे बघा. या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक भोकं असतात. पट्टीत साचलेलं पावसाचं पाणी तिथून बाहेर जावं म्हणून. वर्षभरात त्यांत धूळ आणि केस अडकतात. मग पट्टी भरते आणि पाणी आत, थेट भिंतीवर उतरतं. लोक खिडकीभोवती सिलिकॉन मारतात, आणि काहीजण तर ही भोकंच बुजवून टाकतात. कृपा करून तसं करू नका. जुना दातघासायचा ब्रश फिरवा, तांब्याभर पाणी ओता. बाहेर पडलं की झालं.

दृश्य ४: गच्ची. पडद्यावर यादी, निवेदिका एकेक मुद्दा वाचते.

पावसाच्या महिनाभर आधी:

☐ गच्ची झाडून घ्या. पन्हाळीच्या तोंडाशी पालापाचोळा राहू देऊ नका, जाळी बसवा.

☐ बादलीभर पाणी ओता आणि ते कुठे थांबतं ते पाहा. थांबतं तिथे उतार नाही, खडूने खूण करा.

☐ कठड्याच्या बुडाशी गवंडी जो गोलसर वाटा करतात, तो सुटलाय का पाहा. माझ्या मते गळतीची पहिली संशयित जागा हीच.

☐ केसाएवढ्या भेगांत भेगा भरायचं लवचीक मिश्रण दाबून भरा. रुंद भेग आधी इंग्रजी व्ही आकारात खोदून, धूळ झाडून मग भरा. धुळीवर काहीच धरत नाही.

☐ भिंतीत उगवलेलं पिंपळाचं रोप नुसतं तोडू नका. मूळ काढून मगच भोक बुजवा.

☐ एसीचा पाइप भिंतीतून जातो ते भोक बंद करा. पाइपचा उतार बाहेरच्या बाजूला हवा.

☐ छज्जाच्या खालच्या कडेला पाणतोडीची खाच आहे का? नसेल तर पाणी मागे वळून भिंतीला लागतं.

☐ नवा गिलावा केलात तर किमान सात दिवस पाणी मारा. रंग त्यानंतर, भिंत पूर्ण कोरडी झाल्यावरच.

दृश्य ५: विजेचा बोर्ड.

निवेदिका: बोर्डाजवळ ओल दिसली, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. मेन स्विच बंद करा आणि वायरमनला बोलवा. ओल्या भिंतीला हात लावून तपासू नका.

दृश्य ६: रात्र, पाऊस. टॉर्चचा झोत छतावरून फिरतो.

निवेदिका: पहिल्या जोरदार पावसात तासाभराने असाच टॉर्च तिरपा धरून छत आणि खिडक्यांचे कोपरे बघा. तिरप्या उजेडात ओलसर चमक लगेच कळते. पेन्सिलने कडेकडेने रेघ ओढा, शेजारी तारीख लिहा. पुढच्या पावसात डाग रेघेबाहेर गेला, तर पाऊस उघडला की त्याच्या वरची आणि बाहेरची बाजू पुन्हा शोधायची.

(पेन्सिलची रेघ, बाजूला तारीख. दृश्य संपते.)